‘नदी’ म्हणायचे नाही: कोडनेम्समध्ये एका शब्दाचा संकेत कसा शोधतात

कोडनेम्स हा खेळ चेक रचनाकार व्लादा ख्वातिल यांनी तयार केला. तो २०१५ मध्ये बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार मिळाला. त्याचे नियम पाच मिनिटांत समजतात. टेबलावर पाच ओळी आणि पाच रकाने अशी २५ शब्दांच्या पत्त्यांची मांडणी असते आणि खेळणाऱ्यांचे लाल व निळा असे दोन गट असतात. प्रत्येक गटातील एक जण संकेत देतो. कोणता शब्द कोणाचा आहे हे दाखवणारा छोटा नकाशा फक्त या दोघा संकेत देणाऱ्यांनाच दिसतो. सुरुवात करणाऱ्या गटाचे ९ शब्द असतात, दुसऱ्या गटाचे ८, कोणाचेच नसलेले म्हणजे तटस्थ ७, आणि उरलेला एक शब्द मारेकऱ्याचा असतो. मारेकऱ्याच्या शब्दावर बोट ठेवणारा गट तिथल्या तिथे हरतो. आपले सगळे शब्द जो गट आधी उघड करेल तो जिंकतो.

संकेत म्हणून एक शब्द आणि एक आकडा, एवढेच बोलता येते. त्या शब्दाशी आपले किती शब्द जोडलेले आहेत हे आकडा सांगतो. गटातील बाकीचे चर्चा करून एकेका शब्दावर बोट ठेवतात. शब्द आपला निघाला तर पुढचा अंदाज करता येतो. तटस्थ निघाला तर पाळी संपते. दुसऱ्या गटाचा निघाला तर पाळी संपते आणि वर त्यांचा एक शब्द आपल्याच हाताने उघडला जातो. एका पाळीत निदान एक अंदाज करावाच लागतो आणि जास्तीत जास्त आकड्यापेक्षा एक अधिक अंदाज करता येतात. हा एक अधिकचा अंदाज बहुतेक नवे खेळाडू विसरून जातात, पण पुढे दिलेल्या डावात निकाल त्यानेच लावला.

आमच्या घरी हा खेळ मराठी शब्दांनी खेळला जातो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे तुकडे कापून त्यांवर आम्ही शब्द लिहिले आहेत. शब्द निवडताना एकच पथ्य पाळले: शब्द छोटा असावा आणि त्याला शक्यतो दोन-तीन अर्थ असावेत. मराठीत अशा शब्दांची चंगळ आहे. ‘मोड’ मटकीला येतात आणि दुकानदाराकडेही मागितली जाते. ‘खण’ कपाटाला असतो, वाड्याला असतो आणि ओटीतही असतो. गेल्या दिवाळीत झालेल्या एका डावाची मांडणी अशी होती:

पान, तार, घाट, दंड, अंक
कर, सूर, माळ, पात्र, खण
पूर, बाण, फळी, कळ, तास
गोळी, हार, भाव, नाव, पत्र
डाव, वात, मोड, पट, पाट

सुरुवात लाल गटाची होती आणि संकेत माझी धाकटी बहीण देत होती. तिचे नऊ शब्द होते: पान, घाट, सूर, खण, पूर, कळ, हार, नाव आणि वात. निळ्या गटाचे आठ शब्द तार, अंक, माळ, बाण, तास, भाव, डाव आणि पट हे होते. मारेकरी होता ‘पात्र’. तटस्थ होते दंड, कर, फळी, गोळी, पत्र, मोड आणि पाट.

ही यादी पाहताच कोणालाही जो पहिला संकेत सुचेल तो ‘नदी, ३’ हा आहे, कारण घाट, पूर आणि नाव हे तिन्ही शब्द नदीशी अगदी सहज जुळतात. नवखा खेळाडू इथेच फसतो. त्याने आपले नऊ शब्द पाहिलेले असतात आणि त्यांच्यातला दुवा त्याला सापडलेला असतो, पण तोच दुवा उरलेल्या सोळा शब्दांपैकी कोणाला पकडतो हे त्याने पाहिलेले नसते. अंदाज करणाऱ्यांना मात्र सगळे पंचवीस शब्द सारखेच दिसतात. त्यांच्या मनात ‘नदी’ म्हटल्यावर घाट येईल, पूर येईल आणि लगेच ‘पात्र’ येईल, कारण नदीचे पात्र हा शब्दप्रयोग बातम्यांतून रोज कानावर पडतो. ‘नाव’ बहुधा त्यानंतर आठवेल, कारण बोलताना आपण ‘होडी’ म्हणतो आणि ‘नाव’ वाचले की आधी माणसाचे नाव डोळ्यांपुढे येते. म्हणजे तिसरा अंदाज थेट मारेकऱ्यावर जाणार.

म्हणून संकेत शोधताना माझी बहीण उलट्या क्रमाने जाते, आणि माझ्या मते तीच रीत योग्य आहे. ती आधी मारेकऱ्याचा शब्द घेते आणि त्याचे जितके अर्थ निघतात तितके मनात मोजते. ‘पात्र’ म्हणजे नदीचे पात्र, नाटकातील पात्र, भांडे, आणि ‘पात्र-अपात्र’ मधला लायक. या चार अर्थांच्या आसपास फिरकणारे संकेत ती सुरुवातीलाच बाद करते. या डावात त्यामुळे दोन मोठी दारे बंद झाली. एक ‘नदी’चे. दुसरे ‘पूजा’चे, कारण पान, हार आणि वात हे तिन्ही पूजेत येत असले तरी पूजेत पळी आणि पंचपात्रही असते, शिवाय पाट आणि जपाची माळही असते. गंमत अशी की मारेकरी दोन्ही गटांना सारखाच घातक असल्यामुळे निळ्या गटालाही ‘अंक’साठी ‘नाटक’ म्हणण्याची सोय उरली नव्हती.

मग उरलेल्या दिशांतून शब्द शोधायचा. इथे ‘दुवा आहे की नाही’ एवढा प्रश्न पुरत नाही. पंचवीस शब्द एका रांगेत उभे केले आणि संकेताच्या सर्वांत जवळचा शब्द सर्वांत पुढे ठेवला, तर आपले शब्द रांगेत कितव्या जागी उभे राहतात, हे पाहावे लागते. आपले तीन शब्द पहिल्या तीन जागांवर असतील तर संकेत पक्का. तिसऱ्या जागी तटस्थ शब्द घुसत असेल तर जास्तीत जास्त पाळी जाईल. निळा शब्द घुसत असेल तर दुहेरी नुकसान. ‘तुळस’ हा संकेत घेऊन पाहा. पान, वात आणि हार हे तिन्ही तुळशीशी जोडता येतात, पण वारकऱ्याच्या गळ्यातील माळ या तिघांच्याही पुढे उभी राहते आणि माळ निळ्यांची होती. दुवा खरा असूनही हा संकेत वाईट ठरतो, कारण परक्याचा शब्द आपल्या शब्दापेक्षा जवळचा आहे.

बहिणीने पहिल्या पाळीत ‘बुडणे, ३’ असा संकेत दिला. तिच्या मनात नाव, पूर आणि सूर हे शब्द होते: नाव बुडते, पुरात गाव बुडते आणि विहिरीत सूर मारणारा पाण्याखाली बुडतो. तिसरा दुवा सैल आहे हे तिलाही ठाऊक होते. या संकेतापासून ‘पात्र’ बऱ्यापैकी दूर राहत होते, कारण बोलताना आपण माणूस पाण्यात बुडाला म्हणतो, पात्रात बुडाला असे सहसा म्हणत नाही. धोका होता तो ‘कर’ या शब्दाचा. कर बुडवणे हा प्रयोग इतका रुळलेला आहे की तो मनात आल्याशिवाय राहणार नाही. म्हणूनच तिने जाणूनबुजून ‘बुडणे’ हे रूप घेतले, ‘बुडवणे’ म्हटले नाही. मराठीत क्रियापदाच्या एवढ्याशा फरकाने रांगेचा क्रम बदलतो: ‘बुडणे’ म्हटले की आधी नाव दिसते, ‘बुडवणे’ म्हटले की आधी कर दिसतो आणि त्यापाठोपाठ कर्ज बुडवणारे आठवतात.

एवढी काळजी घेऊनही काका आणि माझी भाची यांनी नाव व पूर बरोबर ओळखल्यावर तिसरे बोट ‘कर’वरच ठेवले. पाळी संपली. पण नुकसान किती झाले ते पाहा. दोन शब्द उघडले, तटस्थ शब्दावर तटस्थ पत्ता पडून तो खेळातून बाद झाला, आणि गटाला हेही कळले की बुडण्याशी जोडलेला एक शब्द अजून टेबलावर शिल्लक आहे. बहिणीने सुरक्षित राहण्यासाठी ‘बुडणे, २’ म्हटले असते तर ही शेवटची माहिती गटाकडे राहिली नसती. संकेत पाळी संपल्यावर पुसला जात नाही. त्याचा उरलेला भाग पुढच्या पाळ्यांत, तो एक अधिकचा अंदाज वापरून, वसूल करता येतो. म्हणून सैल दुव्याचा शब्द आकड्यात धरावा का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की जवळपास फक्त तटस्थ शब्द असतील तर धरावा, निळा असेल तर फार विचार करून धरावा, आणि मारेकरी असेल तर मुळीच धरू नये.

निळ्या गटाने ‘बुद्धिबळ, २’ म्हणून पट आणि डाव मिळवले. लाल गटाच्या दुसऱ्या पाळीत ‘वात’ हा शब्द प्रश्न होऊन बसला होता. पूजेकडे जाता येत नव्हते आणि ‘दिवा’ म्हटले तर एकच शब्द सुटत होता. असा एकटा पडलेला शब्द दुसऱ्या अर्थाकडे वळवून पाहायचा असतो. वात म्हणजे दिव्यातील वात, तसाच आयुर्वेदातील वात-पित्त-कफ यांतला वात. त्या अर्थाने तो ‘कळ’च्या शेजारी येऊन बसतो, कारण कळ म्हणजे यंत्राचे बटण, तशीच अंगात उठणारी वेदना. दोन्ही शब्दांचे पहिल्या नजरेत दिसणारे अर्थ बाजूला सारले की ‘दुखणे’ हा दुवा समोर येतो.

यासाठी सर्वांत नेमका शब्द ‘संधिवात’ होता, पण तो चालत नाही. टेबलावर अजून झाकला न गेलेला शब्द, त्याचे कोणतेही रूप किंवा त्याला पोटात घेणारा सामासिक शब्द संकेत म्हणून देता येत नाही, असा नियम आहे. मराठीत हा नियम इंग्रजीपेक्षा जास्त वेळा आडवा येतो, कारण समास आणि साधित शब्द आपण बोलता बोलता तयार करतो. ‘नाव’ टेबलावर असेपर्यंत ‘नावाडी’ चालणार नाही, ‘पूर’ असेपर्यंत ‘पंढरपूर’ चालणार नाही. पत्त्याने शब्द झाकला गेला की मात्र ही बंदी उठते. अर्थाऐवजी अक्षरांवर बेतलेला संकेतही चालत नाही; नाव आणि भाव यांत एकच अक्षर वेगळे आहे, यावर संकेत रचता येत नाही. ‘सांधेदुखी’ हा जोडशब्द चालेल की नाही यावर आमच्याकडे थोडा वाद झाला. जोडून एका शब्दात लिहिला जाणारा आणि कोशात मिळणारा शब्द चालेल, जागच्या जागी घडवलेला चालणार नाही, असे आम्ही ठरवले. असे निर्णय डाव मांडण्यापूर्वीच घेतलेले बरे.

बहिणीने आधी ‘गुडघा’ म्हणण्याचा विचार केला होता, असे तिने डाव संपल्यावर सांगितले. तो तिने सोडला, कारण गुडघा हा अवयव आहे, टेबलावर ‘दंड’ होता, आणि दंड म्हणजे शिक्षा असली तरी खांद्याखालचा हातही दंडच. ‘सांधेदुखी, २’ हा संकेत तिने दिला तेव्हा रांगेत कळ पहिली, वात दुसरा आणि ‘गोळी’ तिसरी होती. गोळी तटस्थ होती, म्हणजे घसरले तरी फारसे बिघडणार नव्हते. काकांनी दोन्ही शब्द बरोबर ओळखले. अधिकचा अंदाज हाताशी होता, पण ‘बुडणे’चा उरलेला शब्द घाट, सूर की पाट यावर काका आणि भाची यांचे एकमत होईना, म्हणून त्यांनी थांबणे पसंत केले.

निळ्यांनी ‘शाळा, २’ म्हणून तास आणि अंक घेतले. लाल गटाने तिसऱ्या पाळीत ‘ओटी, २’ वर खण आणि पान घेतले. या संकेताची खुबी अशी की ओटी म्हणजे घराचा पुढचा भाग धरला तरी वाड्याचे खण आठवतात, आणि देवीची ओटी धरली तरी चोळीचा खण आठवतो. दोन वेगळ्या वाटा एकाच शब्दाकडे नेत असतील तर अंदाज करणाऱ्याने कोणताही अर्थ घेतला तरी तो योग्य जागी पोहोचतो. असा दुहेरी दुवा मिळणे नशिबाचे असते. पुढे निळ्यांनी ‘राम, २’ म्हणून बाण आणि माळ मिळवले, आणि डाव कड्याच्या टोकावर आला.

आता लाल गटाचे सूर, हार आणि घाट हे तीन शब्द उरले होते आणि निळ्यांचे तार आणि भाव हे दोनच. निळ्यांना एक पाळी मिळाली असती तर ते बहुधा संपवून मोकळे झाले असते. अशा वेळी दोन शब्दांचा सुरक्षित संकेत म्हणजे सुरक्षितपणे हरणे होय. पण सूर, हार आणि घाट यांना एकत्र बांधणारा शब्द मिळत नव्हता. ‘क्रिकेट’ने सूर मारून घेतलेला झेल आणि हार हे दोन्ही आले असते, पण आघाडीच्या फलंदाजांची ‘फळी’ही आली असती आणि घाट तरीही बाहेरच राहिला असता. ‘गंगा’ म्हटले तर घाट येतो, सूरही येतो, आणि पुन्हा पात्र येते.

बहिणीने थोडा वेळ घेतला आणि ‘शर्यत, २’ म्हणाली. शर्यतीत हार होते, हे कोणालाही कळेल. घाटाचा दुवा मात्र तिने काकांकडे पाहून निवडला होता. काका जुन्नरकडचे आहेत आणि पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात. मुंबईत वाढलेल्या भाचीला घाट म्हटले की लोणावळ्याकडे जाणारा रस्ता आठवतो. तिला हा संकेत एकटीला मिळाला असता तर तो वाया गेला असता. संकेताची जवळीक शब्दकोशात मोजता येत नाही, ती समोर बसलेल्या माणसांच्या डोक्यात मोजावी लागते. त्यामुळे एका घरात उत्तम ठरलेला संकेत दुसऱ्या घरात मारेकऱ्यापर्यंत नेऊ शकतो.

हार आणि घाट उघडले. आता आकड्यापेक्षा एक अधिक, म्हणजे तिसरा अंदाज हाती होता आणि लाल गटाचा एकच शब्द बाकी होता. टेबलावर आता दहा शब्द उरले होते: सूर, तार, भाव, पत्र, फळी, गोळी, दंड, मोड, पाट आणि पात्र. काकांना ‘बुडणे, ३’ आठवत होते. पाण्याशी नाते सांगणारे तीन शब्द होते: सूर, पाट आणि पात्र. काकांचा कल ‘पात्र’कडे झुकू लागला. पुराचे पाणी पात्राबाहेर येते, असे ते म्हणत होते.

भाचीने त्यांना थांबवले. तिचे म्हणणे असे होते की नाव, पूर आणि घाट हे तिन्ही लाल शब्द आता सगळ्यांसमोर आहेत. पात्रही लाल असते तर मावशीने पहिल्याच पाळीत ‘नदी, ४’ म्हणून चारही शब्द मागितले असते. पात्र लाल नसते पण निरुपद्रवी असते, तरीही ‘नदी, ३’ म्हणण्याचा मोह तिला आवरला नसता. इतका सोपा शब्द टाळून ती ‘बुडणे’कडे वळली, याचा अर्थ नदीजवळ काहीतरी असे आहे ज्याला ती घाबरली आहे. पाट नदीला पात्राइतका जवळचा नाही. तेव्हा घाबरण्यासारखे असेल तर ते पात्रच.

हा तर्क नियमाच्या चौकटीत बसतो, कारण भाची मावशीचा चेहरा वाचत नव्हती, तिने निवडलेला शब्द आणि न निवडलेला शब्द यांची तुलना करत होती. संकेत देणाऱ्याने तोंडावर काहीही दिसू देऊ नये, ‘अरेरे’ म्हणू नये, कोणत्याही पत्त्याकडे रोखून पाहू नये, एवढे बंधन त्याच्यावर असते. दिलेल्या शब्दावरून हवा तेवढा विचार करण्याची मोकळीक मात्र अंदाज करणाऱ्यांना असते. जाणते खेळाडू संकेत देतानाच या वाचनाची गणती करतात. त्यांच्या संकेतात एक आडवाट दिसली की गट समजतो की सरळ वाटेवर खड्डा आहे. हे काम उघडपणे करण्याची सोयही नियमांत आहे. ‘नाटक, ०’ असा शून्याचा संकेत दिला, तर नाटकाशी आपला एकही शब्द जोडलेला नाही, म्हणजे अंक आणि पात्र यांपासून दूर राहा, असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या पाळीत अंदाजांच्या संख्येवर मर्यादा राहत नाही. पण शून्याच्या संकेताने नवा शब्द एकही सांगितला जात नाही. म्हणून जुने संकेत बरेच वसूल व्हायचे राहिले असतील तेव्हाच तो परवडतो.

काका आणि भाची यांच्यापुढे आता सूर की पाट एवढाच प्रश्न उरला. पाटाच्या पाण्यात कोणी बुडत नाही, असे काकाच म्हणाले आणि त्यांनी ‘सूर’वर बोट ठेवले. बहिणीने लाल पत्ता उचलून त्यावर ठेवला. निळ्या गटाच्या संकेत देणाऱ्या वहिनींनी तेवढ्यात सांगून टाकले की पुढच्या पाळीसाठी त्यांनीही ‘गाणे’ टाळूनच शब्द शोधून ठेवला होता, कारण तार आणि भाव यांच्या आधी तिथे सूर लागला असता.